'वीस एक'चा वाद आणि टेकू काढायची वेळ

शाळा उघडल्या की दरवर्षी एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाचं पान, त्यावर 'वीस एक, वीस दोन', आणि खाली कुणीतरी ठसक्यात लिहिलेलं असतं की बघा, आता मराठीची कशी वाट लावलीय. मग दोन गट पडतात. एक म्हणतो, आम्ही नाही का शिकलो बावन्न-त्रेपन्न? दुसरा म्हणतो, पोरांचा त्रास कमी होतोय तर तुमचं काय जातंय?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. म्हणून दोन्ही बाजूंच्या मंडळींना एक सांगावंसं वाटतं. ज्यावर तुम्ही भांडताय तो प्रश्नच बाजूला राहिलाय. 'वीस एक' चांगलं की वाईट, याला उत्तर नाही. ते कुणाला, किती दिवस द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं, याला आहे.

आधी थोडी उजळणी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्यांची ही दुहेरी वाचनाची पद्धत आली आणि एकच गदारोळ झाला. विषय पार विधानसभेपर्यंत गेला, विनोदही भरपूर झाले. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. संख्यानामांतली जोडाक्षरं आणि बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम यांनी लहान मुलं गोंधळतात, ही त्यांची भूमिका. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही होती. पण 'दोन्ही'ची बातमी कशाला होईल?

आता गोंधळ म्हणजे नेमका काय ते बघा. आपण ५२ लिहिताना आधी पाच लिहितो, मग दोन. बोलताना मात्र आधी 'बा' येतं आणि मग 'वन्न'. म्हणजे कान जे आधी ऐकतो ते हाताने नंतर लिहायचं. बरं, त्या 'बा'मध्ये दोन आहे हे तरी पोराला दिसतं का? बावीसमध्ये तो 'बा' असतो, बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', ब्याऐंशीत 'ब्या'. पन्नासचं कधी 'वन्न' होतं तर कधी 'पन्न'. सत्तरचं 'हत्तर' होतं. आणि एकोणचाळीसमध्ये तर चाळीस ऐकू येतं, पण लिहायचे असतात तीन आणि नऊ! कन्नड-तेलुगूत हा क्रम सरळ आहे, आधी दशक मग एकक. सोलापूरकडच्या ज्या घरांत दोन्ही भाषा चालतात तिथल्यांना हे सांगायला नको. तात्पर्य, आपल्या मुलांना हे जड जातं ते ती ढ आहेत म्हणून नाही. आपली संख्यानामं खरंच अवघड आहेत.

श्रुतलेखनात 'बावन्न' सांगितलं की दुसरीच्या वर्गात दोन-चार पाट्यांवर २५ दिसतोच. आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

माझ्या वर्गातल्या दोन मुलींचं सांगते. दोघींनी बावन्नचे २५ लिहिले. दोघींना दहापैकी चार गुण. प्रगतिपत्रकात दोघी एकाच रांगेत. मी दोघींना वेगवेगळं जवळ घेतलं आणि म्हटलं, "बावन्न म्हणजे पन्नास दोन. आता लिही." पहिलीने पटकन ५२ लिहिलं आणि माझ्याकडे 'एवढंच होतं होय' अशा नजरेनं बघितलं. दुसरीने लिहिलं, ५०२.

म्हणजे गुण सारखे असले तरी मुली सारख्या नाहीत. पहिलीला पाच दशक आणि दोन एकक म्हणजे काय ते कळलेलं आहे, फक्त 'बावन्न' या शब्दाचं दार तिला उघडत नव्हतं. दुसरीला शब्दाची अडचण आहेच, पण त्याच्याही आत स्थानिक किमतीची अडचण आहे. तिने पन्नास ऐकलं, ५० लिहिलं. दोन ऐकलं, २ लिहिलं. तिच्या परीने तिने अगदी इमानदारीत लिहिलं.

शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव वायगॉट्स्की नावाचा मानसशास्त्रज्ञ नेमकं हेच सांगत होता. क्षयाने तो १९३४ मध्ये वारला, जेमतेम ३७ वर्षांचा होता. त्याचं उदाहरण असं, की दोन मुलं चाचणीत आठ वर्षांच्या मुलाइतकंच सोडवतात. पण थोडी मदत केली, एखादा प्रश्न विचारला, सुरुवात करून दिली, तर एक जण बारा वर्षांच्या मुलाचं काम करून दाखवतो आणि दुसरा नऊच्या पुढे जात नाही. मग ही दोघं सारखी कशी? एकट्याने जे जमतं आणि कुणाच्या मदतीने जे जमतं, यांच्यामधली जी जागा, तिला त्याने नाव दिलं. डी.एड.च्या पुस्तकात ते 'समीपस्थ विकासक्षेत्र' असं छापलेलं असतं, पाच गुणांची टीप म्हणून आम्ही सगळ्यांनी ते पाठ केलंय. साध्या भाषेत सांगायचं तर हात पोचत नाही, पण टाचा उंचावून, कुणी बोट धरलं तर पोचतो, ती फळी. शिकवायचं ते त्या फळीवरचं. जिथे हात आधीच पोचतो तिथे शिकवून वेळ जातो, आणि माळ्यावरचं शिकवलं तर पोर नुसतं वर बघत बसतं.

मदतीला 'स्कॅफोल्डिंग' हे नाव मात्र वायगॉट्स्कीचं नाही. ते डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तिघांनी १९७६ मध्ये एका लेखात वापरलं. बांधकामावर गवंडी उभे राहतात ती परांची म्हणजे स्कॅफोल्डिंग. मला स्वतःला परांचीपेक्षा स्लॅबखालचे टेकू जास्त पटतात. छोट्या स्लॅबचे टेकू आठवड्याने काढतात, मोठ्याचे दोन आठवड्यांनी. आधी काढले तर स्लॅब खाली येतो, आणि काढलेच नाहीत तर त्या खोलीत राहायला कुणी जाऊ शकत नाही. टेकू लावतानाच तो काढायचा आहे हे ठरलेलं असतं.

त्या तिघांचा प्रयोग मजेशीर होता. तीन, चार आणि पाच वर्षांची मिळून ३० मुलं, आणि एकमेकांत अडकवून मनोरा करायचे २१ लाकडी ठोकळे. शिकवणारी व्यक्ती एकच. तरी तिचं काम वयाप्रमाणे बदलत गेलं. तीन वर्षांच्या मुलांना ठोकळ्यांकडे ओढून आणण्यातच तिचा वेळ गेला. चार वर्षांच्यांना चूक दाखवून द्यावी लागली. पाच वर्षांची मुलं नुसती 'बरोबर आहे ना?' म्हणून बघायची, आणि मान हलवली की पुढे जायची.

पुढे वुडने सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट तपासली, आणि मला तीच सगळ्यात कामाची वाटते. त्याच ठोकळ्यांवर तीन-चार वर्षांच्या मुलांना चार तऱ्हांनी शिकवून बघितलं. एका गटाला फक्त तोंडी सांगितलं. एकाला फक्त करून दाखवलं. एकाला आलटून पालटून, कधी सांगून कधी दाखवून. आणि चौथ्या गटासाठी साधा नियम होता. मूल अडलं तर मदत एक पायरी वाढवायची, जमलं तर एक पायरी कमी करायची. नंतर एकट्याने मनोरा करायची वेळ आली तेव्हा चौथा गट सगळ्यांच्या पुढे होता. नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला नाही. कारण मूल अडलं की आपला हात आपसूक पुढे जातो आणि एकदा गेला की मागे येत नाही.

आता ५०२ लिहिणाऱ्या मुलीकडे परत येऊ.

तिला मी 'चूक' म्हटलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच. काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवले आणि म्हटलं, पन्नास काड्या दे. तिने दहा-दहाचे पाच गठ्ठे दिले, मोजले सुद्धा नाहीत. आणखी दोन दे. दोन सुट्या काड्या आल्या. म्हणजे वस्तू हातात असताना तिला सगळं कळत होतं. मग पुठ्ठ्याची दोन कार्डं काढली, एक ५०चं लांब आणि एक २चं आखूड. दोनचं कार्ड पन्नासच्या शून्यावर ठेवलं. शून्य झाकला गेला, ५२ दिसला. दोनचं कार्ड उचललं की शून्य खालीच असतो. तिने ते चार-पाच वेळा उचलून ठेवून बघितलं. हे तिला मी करून दाखवलं, म्हणजे मदतीची सगळ्यात वरची पायरी.

पुढची संख्या साठ तीन. तिने ६०३ लिहिलं, थांबली, आणि स्वतःच कार्डं मागितली. या वेळी कार्ड मी ठेवलं नाही, तिने ठेवलं. मग चाळीस सात. कार्डांकडे न बघता, ओठांतल्या ओठांत 'चाळीस… सात' असं पुटपुटत तिने ४७ लिहिलं. म्हणून कार्डं दप्तरात गेली.

दोन-तीन दिवसांनी मी 'पन्नास दोन'चा टेकूही थोडा सैल केला आणि सरळ म्हटलं, सत्तेचाळीस. तिने ७४ लिहिलं. आता इथे खरी परीक्षा शिक्षकाची. पुन्हा गठ्ठे, पुन्हा कार्डं काढायचा मोह होतो. पण तिची अडचण आता ती उरलेली नव्हती, म्हणून एकच पायरी आत आले. "कुठल्या घरातली संख्या आहे ही?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "चाळीसच्या." आणि तिने आपणहून ७४ खोडलं. अशी रोजची पाच-सात मिनिटं, साधारण दोन आठवडे. शेवटी शेवटी मी काहीच म्हणत नव्हते, शेजारी दुसऱ्या मुलाची वही तपासत होते आणि ती लिहीत होती.

तिचं ते पुटपुटणं लक्षात घ्या. आमच्याकडे सर्रास दटावतात, 'मनात म्हण!' वायगॉट्स्कीचं म्हणणं असं की मुलाचं स्वतःशी बोलणं हा मधला टप्पा आहे. आधी बाई म्हणतात 'चाळीसच्या घरातली', मग मूल तेच स्वतःला मोठ्याने सांगतं, मग हळू, आणि मग ते आत जातं. पुटपुटणं बंद करायचं नसतं, ते बंद होऊ द्यायचं असतं. तेच बघून कळतं की टेकू आता काढता येईल.

टेकू चुकीचा लागलाय हेही कळतं. मूल संख्येकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघतं. 'बा…वन्न, मग आधी काय लिहायचं? पाऽ…' असं आपण म्हणतो आणि अख्खा वर्ग 'पाऽच' म्हणून ओरडतो. यात शिकलं कुणीच नाही, फक्त आपला सूर ओळखला. अशा मुलाला आठ दिवसांनी दुसऱ्या कुणी बावन्न लिहायला सांगितलं की पुन्हा २५.

म्हणून 'वीस एक'वाल्यांनाही मला दोन शब्द सांगायचे आहेत. हा टेकू आहे, घर नाही. तिसरी-चौथीतलं मूल अजून 'साठ नऊ' म्हणत असेल आणि दुकानदार 'एकोणसत्तर रुपये' म्हणाला की त्याचा चेहरा कोरा होत असेल, तर आपण टेकू काढायला विसरलोय. शिवाय या टेकूला एक मर्यादा आहे. 'साठ नऊ' म्हटल्याने आकडे बरोबर लिहिता येतात, पण एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक उणा, ही त्या नावातली सुंदर गोष्ट झाकली जाते. एकोणच्या संख्यांना वेगळा टेकू लागतो. मी संख्यारेषेवर सत्तरवर बोट ठेवून एक घर मागे यायला सांगते. (यातला खोडकरपणा असा की नव्व्याण्णवला तो नियमही लागत नाही. मुलांना हे सांगितलं की ती खूश होतात.)

आणि 'आम्ही नाही का शिकलो'वाल्यांना एवढंच, की तुम्ही शिकलात. तुमच्या वर्गातले किती जण पाचवीच्या आत शाळा सोडून गेले, तेही जरा आठवा. पाढे आणि उजळणी यांना माझा विरोध नाही, रोज घेते. पण पाठ म्हणता येणं आणि ऐकलेली संख्या लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक ते शंभर घडाघडा म्हणणारं पोर बावन्नचे २५ लिहिताना मी दरवर्षी बघते.

आता यात सरकारचा आणि समाजाचा संबंध कुठे येतो ते सांगते, कारण नाहीतर हे सगळं 'चांगल्या बाई असाव्यात' इथेच संपेल.

एक पायरी वाढव, एक पायरी कमी कर, हा नियम पाळायचा तर आधीच्या मदतीनंतर मुलाने काय केलं हे बघायला डोळे मोकळे लागतात. वुडचे प्रयोग एका मुलासमोर एक माणूस असे होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कायदा मोडला नाही तरी दोघांत पाच वर्ग! म्हणजे मी दुसरीला श्रुतलेखन घालते तेव्हा त्याच खोलीत तिसरी बसलेली असते आणि तिला काहीतरी लिहायला दिलेलं असतं. वरून ऑनलाइन माहिती भरायची असते, ती वेगळीच. अशा वेळी सोपं काय? उत्तर फळ्यावर लिहायचं आणि 'दहा वेळा उतरवून काढा' म्हणायचं. वही भरते. तपासणीला आलेले साहेब वही उलटतात, पानं भरलेली आणि लाल खुणा दिसल्या की समाधान. पालकांचंही तसंच. ५०२ खोडून ५२ केलेलं पान त्यांना गचाळ वाटतं, खरं तर शिकणं झालं ते त्याच पानावर. फळ्यावरून उतरवलेल्या स्वच्छ पानावर मदत शंभर टक्के आहे आणि मुलाचं काम शून्य.

माझी मागणी फार मोठी नाही. तपासणीत वही बघण्याऐवजी साहेबांनी वर्गातली कुठलीही पाच मुलं घ्यावीत, पाच संख्या सांगाव्यात, आणि चुकलेल्याला एकच इशारा देऊन पुन्हा लिहायला लावावं. दहा मिनिटांत कळेल की कोण कुठे आहे. प्रशिक्षणात वायगॉट्स्कीची व्याख्या पुन्हा पडद्यावर दाखवू नका. त्याऐवजी मुलांच्या खऱ्या चुका असलेल्या पाट्यांचे फोटो दाखवा आणि आम्हाला विचारा, इथे पहिला इशारा काय द्याल, तो चालला नाही तर दुसरा काय? आणि एकाच खोलीत दोन-तीन वर्ग बसतातच, तर इयत्तेप्रमाणे न बसवता गणिताच्या तासाला चुकीप्रमाणे बसवायची मोकळीक द्या. बावन्नचे २५ लिहिणारी एकीकडे, ५०२ लिहिणारी एकीकडे, ज्यांना येतं ती आपापलं करतील. दोन गटांत फिरणं एका बाईला जमतं. तीस मुलांना तीस तऱ्हेची मदत जमत नाही, आणि तसं जमतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

घरी दुसरी-तिसरीतलं लेकरू असेल तर तुम्हीही बघू शकता. या सहा संख्या सावकाश सांगा, त्याला लिहू द्या, मध्ये बोलू नका: बावन्न, चौसष्ट, सदतीस, एकोणचाळीस, पंच्याहत्तर, त्र्याऐंशी. आकडे उलटे आले तर 'कुठल्या घरातली?' एवढंच विचारा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा, कारण थांबणं हेच अवघड आहे. तरीही अडलं तर 'पन्नास दोन' असं फोडून सांगा. ५०२ आलं तर काड्या घ्या, रबराने दहा-दहाचे गठ्ठे बांधा. एकोणचाळीसला ४९ किंवा ४१ आलं तर चाळीसपासून एक मागे मोजायला लावा. उत्तर सांगू नका, आणि ताईला किंवा दादाला शेजारून कुजबुजू देऊ नका. आणि कुणी पुटपुटत लिहीत असेल तर कृपा करून त्याला गप्प बसवू नका.